डबा फोडला की तारीख बदलते

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय ना? बरं. मला पाऊण तास दिलाय आणि विषय दिलाय, सॉस, जॅम, तूप, दूध पावडर उघडल्यावर किती दिवस ठेवायचं. ते मी सांगणारच आहे, आकड्यांसकट सांगणार आहे, पण आधी एक गोष्ट माझ्या मनात फार दिवसांपासून आहे ती बोलून घेतो, कारण ती कळली की आकडे पाठ करावे लागत नाहीत.

पाकिटावर जी तारीख असते ना, ती बंद पाकिटाची असते. सॉस गरम गरम भरतात, लगेच झाकण लावतात, आत जंतू उरत नाहीत आणि बाहेरून येत नाहीत. फुल क्रीम दूध पावडरच्या डब्यात बहुतेक वेळा हवा काढून नायट्रोजन भरतात. म्हणजे कंपनी सांगते की आम्ही भरलं तसं राहिलं तर अमुक महिन्यापर्यंत चांगलं. तुम्ही झाकण फिरवलंत, तो टक्क आवाज आला, की ती तारीख संपली. तिथून दुसरी तारीख सुरू होते आणि ती तुमच्या स्वयंपाकघरात ठरते, कारखान्यात नाही.

आणि ती कोण ठरवतं? पाणी. माझं नोकरीचं सगळं आयुष्य खाद्यपदार्थांच्या लॅबमध्ये गेलं, तिथे ग्राहकांच्या तक्रारीचे नमुने यायचे, आणि बऱ्याच वेळा शेवटी हेच निघायचं की उघडल्यावर आत पाणी गेलंय. पेलाभर नाही हो, थेंब.

जॅमचंच घ्या. जॅममध्ये साधारण ६५ टक्के साखर आणि फळाचा घट्ट गर असतो. बाकी पाणीच आहे की, मग बुरशी का येत नाही? कारण साखरेने ते पाणी धरून ठेवलेलं असतं, बुरशीला ते वापरता येत नाही. आता घरात काय होतं बघा. जूनचा महिना, बाटली फ्रिजमधून काढली, टेबलावर ठेवली, एकेक जण उठतोय, एकेक जण ब्रेडला लावतोय, तास दीड तास बाटली बाहेर, झाकण अर्धवट. दमट हवा आत शिरते. मग बाटली परत फ्रिजमध्ये, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमतात. तुम्ही पाहिलेत, सगळ्यांनी पाहिलेत. त्यातला एक थेंब जॅमवर पडतो आणि तिथेच बसतो. खाली सगळा जॅम तसाच घट्ट, पण त्या थेंबाखाली नखाएवढ्या जागेत साखर पातळ झाली. त्यात लोण्याच्या सुरीबरोबर आलेला ब्रेडचा चुरा. झालं, बुरशीला पाणी मिळालं, खायला मिळालं, आणि फ्रिजमध्येसुद्धा ती वाढते, हळू वाढते एवढंच. आठ पंधरा दिवसांनी वर कापसासारखा पांढरा ठिपका दिसतो, आणि मग घरात कोणीतरी म्हणतं, अहो बाटली तर पुढच्या वर्षीपर्यंत चांगली आहे, बघा तारीख!

आता पुढच्या रांगेतल्या काकूंनी मान हलवली, मला कळलं काय विचारणार. ठिपका काढून बाकीचा खाल्ला तर? नका खाऊ. कडक चीज असतं तर बाजूचा इंचभर कापून चाललं असतं, जॅम मऊ आहे, बुरशीचे धागे आणि ती सोडते ती विषारी द्रव्यं दिसतात त्याच्या खाली गेलेली असू शकतात. उकळूनही ती सगळी जात नाहीत. बाटली टाकायची.

आणि शुगर फ्री जॅम आणणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्या. त्यात पाणी धरून ठेवायला तेवढी साखरच नाही. नाव जॅम असलं तरी उघडल्यावर तो बराचसा फळाच्या गरासारखा वागतो. तो बाहेर ठेवायचाच नाही.

इथे मला एक तक्रार मांडायचीय, दोन मिनिटं द्या. उघडल्यानंतर किती दिवसांत संपवा हे ज्या पाकिटांवर लिहिलेलं असतं, ते कुठे लिहितात? दूध पावडरच्या पाऊचवर वरच्या कडेला, मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरात, जिथे कात्री लावायची खूण असते त्याच्या आसपास. म्हणजे तुम्ही कात्री लावली की ती सूचना कचऱ्यात! मी एका कंपनीच्या माणसाला तोंडावर विचारलं, अहो ही ओळ खाली का नाही छापत, तर म्हणाले खाली ऑफरची जागा आहे. वीस टक्के जास्तची पट्टी तळहाताएवढी, आणि ज्याने पावडर खराब होणार नाही ती ओळ भिंगातून वाचायची. बरं, दोन माणसांच्या घराला किलोचं पाऊच स्वस्त पडतं म्हणून विकतात, ती दोन माणसं दिवसाला दोन चहा करणार, ते किलो पाच सहा महिने पुरणार, आणि आतल्या ओळीत काय, तर ठरावीक दिवसांत संपवा. मग स्वस्त कुठे पडलं? माझं स्पष्ट म्हणणं आहे, अर्धा किलोच घ्या. आणि पाऊच डब्यात रिकामं करू नका. तसंच पाऊच, हवा दाबून बाहेर काढून, तोंड दोनदा दुमडून क्लिप लावून, अख्खं कोरड्या डब्यात ठेवा, म्हणजे छापलेलं सगळं जवळ राहतं. वर मार्करने फोडल्याची तारीख टाका. माझ्या घरी फ्रिजच्या हँडलला मार्कर दोरीने बांधलाय, पाहुणे विचारतात, मी समजावून सांगतो.

दूध पावडरवरच आहोत तर पुढे जाऊ. पावडरमध्ये पाणी चार पाच टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ नाहीच. म्हणून ती टिकते. पण तिच्यातली दुधाची साखर हवेतला दमटपणा ओढून घेते, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैच्या हवेत काय कमी पाणी आहे! आधी मऊ गुठळ्या होतात, बोटाने दाबलं की फुटतात, वास चांगला असेल तर ती पावडर लगेच वापरून टाका. पुढची पायरी म्हणजे खड्यासारखी गुठळी, दाबून फुटत नाही, रंग पिवळट, गरम पाण्यात ढवळली तरी तळाला कण राहतात. ती गेली. फुल क्रीममध्ये आणखी एक, स्निग्धांश हवेने खवट होतो, गुठळी नसली तरी जुन्या तेलासारखा वास येतो. ती गुलाबजामला चालेल असं म्हणू नका, तळल्यावर खवटपणा जात नाही, उलट पाकातही कळतो.

आता दमटपणा आत जातो कुठून? सगळ्यात मोठा रस्ता म्हणजे चहाचं पातेलं. चहा उकळतोय, वाफ वर येतेय, आणि आपण पाऊच त्याच्यावर तिरकं धरून पावडर टाकतो. सगळी वाफ पाऊचमध्ये! पावडर बाजूला वाटीत काढा, पाऊच बंद करा, मग वाटी पातेल्याकडे न्या. दुसरा रस्ता फ्रिज. आपल्याला वाटतं फ्रिजमध्ये ठेवलं की सुरक्षित. जॅमला बरोबर, सॉसला बरोबर, पावडरला नाही. गार पावडर बाहेर काढून लगेच उघडली की बाहेरची दमट हवा तिच्यावर दव धरते, आणि आपण हे रोज सकाळ संध्याकाळ करतो. पावडरला कोरडं, अंधारं, शेगडीपासून लांबचं कपाट.

तुपाचं थोडं निराळं आहे. चांगल्या तुपात पाणी अर्धा टक्कासुद्धा नसतं, त्यामुळे बुरशीला तिथे काही मिळत नाही. तुपाचे शत्रू हवा, उजेड आणि उष्णता. म्हणून खिडकीतल्या काचेच्या बरणीपेक्षा चिनी मातीची बरणी बरी. आपल्याकडे कढवताना विड्याचं पान टाकतात, ते नुसतं वासाला नाही, त्यातली द्रव्यं खवटपणा लांबवतात. पण ओला चमचा गेला, किंवा घरच्या तुपात ताकाचा अंश राहिला, की तळाला आंबट वास येतो आणि कधी हिरवट काळे ठिपकेही दिसतात. कढवताना बेरी तांबूस होईपर्यंत आणि तडतड थांबेपर्यंत थांबायचं ते म्हणूनच.

आणि एक सवय मोडा. बरणीत दोन बोटं जुनं तूप उरलंय, त्यावरच नवीन ओततो आपण. जुन्यात खवटपणा सुरू झालेला असतो, नाकाला अजून कळत नाही एवढाच, आणि तो नव्याला विरजणासारखा लागतो, सगळंच लवकर जातं. आधी जुनं संपवा, बरणी धुवा, पूर्ण कोरडी करा, मगच नवीन. मोठ्या डब्यातून आठवड्यापुरतं छोट्या भांड्यात काढलं तर मोठा डबा रोज उघडावा लागत नाही.

घंटा झाली? पाच मिनिटं? अरे, आकडे तर राहिलेच. लिहून घ्या, भरभर सांगतो. हे साधारण आकडे आहेत, पाकिटावर याहून कमी लिहिलं असेल तर पाकिटावरचं धरायचं.

टोमॅटो केचप फ्रिजमध्ये सहा महिन्यांपर्यंत, बाहेर महिनाभर, आपल्या उन्हाळ्यात बाहेर नकोच. त्यात व्हिनेगरचा आंबटपणा असतो, बऱ्याचदा आयएनएस २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट असतं, म्हणून एवढा टिकतो. वर थोडं पाणी सुटलं तर घाबरू नका, हलवा. पण झाकण उघडताना फुस्स झालं, बुडबुडे दिसले, दारूसारखा वास आला, तर आत यीस्ट वाढलंय, टाका. केचपचा नियम पास्ता सॉसला लावू नका, तो उघडला की फ्रिजमध्येही चार पाच दिवस, बस. मेयोनीज फ्रिजमध्ये दोन महिने. घरचा सॉस, ज्यात काही घातलेलं नाही, आठवडाभर.

नेहमीचा जॅम फ्रिजमध्ये सहा महिने, कोरडा चमचा असेल तर. कमी साखरेचा, महिना.

तूप कपाटात तीन महिने धरा, फ्रिजमध्ये वर्षभरही राहतं, पण रोज आत बाहेर करायचं नाही.

दूध पावडर, मोठ्यांची, तीन महिने, पावसाळ्यात त्याआधीच संपवा. बाळाच्या फॉर्म्युल्याचा डबा वेगळा, तो उघडल्यापासून एक महिना. उरला तर चहाला वापरा, बाळाला नाही. तोही फ्रिजमध्ये नाही. तयार केलेलं दूध बाहेर दोन तास, लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर २४ तास, आणि बाळाने बाटलीला तोंड लावलं की तासाभरात उरलेलं ओतून द्यायचं, परत गरम करून द्यायचं नाही, कारण लाळेतले जंतू त्या दुधात गेलेले असतात. डब्यातला चमचा धुतलात तर पूर्ण वाळेपर्यंत परत डब्यात टाकू नका.