सात सेकंदांची परवानगी

(दृश्य: टेबलाच्या कडेला बांधलेला दोरा, त्याच्या टोकाला लोखंडी नट. नट संथपणे झुलतो आहे.)

निवेदन :

गाठीपासून नटाच्या मध्यापर्यंत या दोऱ्याची लांबी एक मीटर आहे. दहा झोके पूर्ण व्हायला साधारण वीस सेकंद लागतात. हाच दोरा पंचवीस सेंटिमीटरचा केला, तर दहा झोके दहा सेकंदांत होतात. लांबी चौथाई झाली, वेळ मात्र निम्मा झाला. सातवीच्या वर्गातली चोवीस मुलं हे आज स्वतः मोजून बघणार आहेत आणि शाळेच्या विज्ञान चॅनलसाठी त्याचा सहा मिनिटांचा व्हिडिओ तयार होणार आहे.

कॅमेरा वर्गात यायच्या दहा दिवस आधी या व्हिडिओचं पहिलं काम सुरू झालं, ते म्हणजे पालकांना संदेश लिहिणं.

(दृश्य: फोनच्या पडद्यावर एक छोटा संदेश.)

असा संदेश बहुतेक वेळा दोन ओळींचा असतो. ‘शाळेच्या व्हिडिओसाठी मुलांचे चित्रीकरण होणार आहे. कोणाची हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवावे.’ वाचायला सोपा आहे, पण याला परवानगी म्हणता येत नाही. ज्यांनी तो पाहिलाच नाही, ज्यांना नीट वाचता आला नाही, ज्यांचा फोन बंद होता, त्या सगळ्यांचा यात आपोआप होकार धरला जातो. गप्प राहणं आणि हो म्हणणं यांत फरक आहे, आणि मुलाचा चेहरा इंटरनेटवर जाणार असेल तेव्हा तो फरक पाळावाच लागतो.

दुसरी अडचण संदेश कुठे टाकला याची. वर्गाच्या ग्रुपवर विचारलं की पाच मिनिटांत दहा-बारा अंगठे दिसायला लागतात. त्यानंतर ज्या आईला नाही म्हणायचं आहे, तिला ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत म्हणावं लागतं. तिच्या नकारामागे घरातलं एखादं नाजूक कारण असू शकतं. मुलाचा ठावठिकाणा एखाद्या व्यक्तीला कळू नये, असंही कारण असू शकतं. ग्रुपवर ते ती सांगणार नाही, आणि नकारही देणार नाही. म्हणून संदेश प्रत्येक पालकाला वेगळा जातो आणि उत्तरही एकाच शिक्षकाकडे वेगळं येतं.

(दृश्य: पूर्ण संदेश पडद्यावर. निवेदक सावकाश वाचतो.)

‘नमस्कार. येत्या गुरुवारी तिसऱ्या तासाला सातवीचा वर्ग लंबकाचा प्रयोग करणार आहे. त्याचा सहा मिनिटांचा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनलवर सर्वांना दिसेल असा ठेवला जाईल. व्हिडिओखाली अभिप्राय लिहिण्याची सोय बंद असेल. मुलांची नावं कुठेही दिली जाणार नाहीत. हा व्हिडिओ जाहिरातीसाठी किंवा माहितीपत्रकासाठी वापरला जाणार नाही.

आपल्या पाल्याबाबत खालीलपैकी एक पर्याय कळवावा. पहिला : चेहरा आणि आवाज चालेल. दुसरा : फक्त हात दिसलेले चालतील, चेहरा व आवाज नको. तिसरा : चित्रीकरणात घेऊ नये.

कोणताही पर्याय निवडला तरी आपला पाल्य प्रयोग करणारच आहे. नकाराचं कारण सांगण्याची गरज नाही. सोमवारपर्यंत उत्तर न आल्यास आम्ही तिसरा पर्याय धरू. दिलेली परवानगी नंतर कधीही मागे घेता येईल. तसं कळवल्यास व्हिडिओ त्याच दिवशी लोकांना दिसणं बंद करू आणि तो भाग काढूनच पुन्हा दाखवू. मात्र त्याआधी कोणी व्हिडिओ उतरवून घेतला असेल, तर ती प्रत परत आणणं आमच्या हातात नाही.’

संदेशाखाली जबाबदार शिक्षकांचं नाव आणि फोन नंबर येतो.

या मजकुरातली दोन वाक्यं शाळांना जड जातात. पहिलं, उत्तर न आल्यास नकार धरू. त्यामुळे मुलं कमी मिळतील अशी भीती असते, आणि एखाद-दुसरं मूल कमी होतंही. त्या पालकांना एकदा फोन करावा. फोन लागला नाही, तर नकार कायम राहतो. दुसरं जड वाक्य शेवटचं, उतरवून घेतलेल्या प्रतीविषयीचं. ते लिहिलं की पालक घाबरतील असं वाटतं. पण ते खरं आहे, आणि पालकांनी ते आधी जाणून मग हो म्हणावं. ‘व्हिडिओ पूर्ण सुरक्षित राहील’ असं लिहिणं म्हणजे न पाळता येणारं वचन देणं.

काही शाळा ‘लिंक फक्त पालकांना देऊ’ असं लिहितात आणि व्हिडिओ अनलिस्टेड ठेवतात. अनलिस्टेड व्हिडिओ शोधून सापडत नाही, इतकंच. लिंक ज्याच्याकडे पोचेल त्याला तो दिसतो, आणि लिंक पुढे पाठवायला एक बोट पुरतं. तेव्हा संदेशात ‘लिंक असलेल्या कोणालाही दिसेल’ असंच लिहायला हवं. अभिप्रायाचंही तसंच. व्हिडिओ लहान मुलांसाठी बनवला आहे अशी नोंद केली, की यूट्यूब अभिप्राय बंद ठेवतं. तशी नोंद नसेल, तर ते हाताने बंद करावे लागतात. संदेशात शब्द दिला असल्याने हे काम व्हिडिओ चढवतानाच उरकायचं.

वर्षाच्या सुरुवातीला एकदाच ‘शाळेच्या सर्व उपक्रमांसाठी’ सही घेऊन ठेवायची पद्धतही आहे. त्या सहीला कोणता व्हिडिओ, कुठे दिसणार, किती दिवस, हे काहीच माहीत नसतं. दर व्हिडिओला विचारणं कंटाळवाणं आहे खरं, पण मजकूर एकदा तयार झाला की पुढच्या वेळी दोन-तीन ओळीच बदलाव्या लागतात.

(दृश्य: वहीत आखलेला तक्ता. चोवीस ओळी.)

सोमवारी संध्याकाळी उत्तरं जमली. एकोणीस पालकांनी पहिला पर्याय दिला, दोघांनी हातांचा, दोघांनी तिसरा. एका घरातून उत्तर आलं नाही आणि फोनही लागला नाही. म्हणजे तीन मुलं चित्रीकरणाबाहेर.

आता बैठक. सहा-सहा मुलांची चार टेबलं आहेत. सर्वांत वाईट मांडणी म्हणजे या पाच मुलांना एका टेबलावर बसवणं. दोन मिनिटांत सगळ्या वर्गाला कळतं की हे नकारवाले. त्याऐवजी पहिली दोन टेबलं पूर्ण कॅमेऱ्यासाठी ठेवली. तिथे पहिल्या पर्यायातली बारा मुलं. उरलेली सात मुलं बाकीच्या पाचांमध्ये मिसळली. तिसऱ्या टेबलावर हातांची परवानगी असलेली दोन आणि त्यांच्याबरोबर चार. चौथ्या टेबलावर तीन आणि तीन. चौथ्या टेबलाकडे कॅमेरा वळतच नाही. तिसऱ्या टेबलावर तो वरून, सरळ खाली बघतो.

(दृश्य: वरून घेतलेलं चित्र. चार हात, मोजपट्टी, दोरा, स्टॉपवॉच.)

या प्रयोगाला वरचा कोन उलट सोयीचा पडतो. दोरा मोजपट्टीला लावून मोजणारी बोटं दिसतात, गाठ नेमकी कुठे येते ते दिसतं, स्टॉपवॉचचे आकडे वाचता येतात. चेहरा इथे लागतच नाही. फक्त माइक बंद ठेवायचा, कारण या दोघांच्या आवाजाला परवानगी नाही. त्या भागावर नंतर शिक्षकांचं निवेदन बसतं.

चित्रीकरणाच्या सकाळी मुलांनाही विचारलं जातं. पालकांनी हो म्हटलं, पण मुलगी म्हणते मला आज नको, तर ती चौथ्या टेबलावर जाते आणि चौथ्या टेबलावरचं, पहिला पर्याय असलेलं एखादं मूल तिच्या जागी येतं. शिक्षकांनी तिला समजावत बसू नये.

नाव देणार नाही असं संदेशात म्हटलं आहे, आणि नेमकं तिथेच जास्त चुकतं. नाव व्हिडिओच्या मथळ्यात नसतं, पण गळ्यातल्या ओळखपत्रावर असतं. वहीच्या लेबलवर असतं. फळ्याच्या कोपऱ्यात हजेरीच्या आकड्यांखाली ‘गैरहजर’ म्हणून लिहिलेलं असतं. आणि सर्वांत जास्त वेळा ते आवाजात येतं. ‘अरे अमुक, नट धर ना’ हे वाक्य प्रयोगाच्या घाईत कोणाच्याही तोंडून जातं, आणि आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलमध्ये ते नाव चक्क छापून येतं. म्हणून सुरू करण्याआधी ओळखपत्रं काढून पेटीत ठेवायची, वह्या उलट्या करायच्या, फळा पुसायचा. संपादन झाल्यावर व्हिडिओ एकदा डोळे मिटून फक्त ऐकायचा, आणि एकदा आवाज बंद करून फक्त बघायचा. दोन्ही एकत्र करायला गेलं की लक्ष प्रयोगाकडे जातं आणि नाव निसटतं.

(दृश्य: संपादनाचा पडदा. मागच्या बाजूने एक मूल धावत जातं.)

कधी चौथ्या टेबलावरचं मूल नट आणायला उठतं आणि चित्राच्या कडेतून जातं. चेहरा धूसर करण्याची सोय असते, पण मूल मान वळवतं तेव्हा धूसर पट्टा मागे राहतो. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली, तर आठ चित्रांत चेहरा उघडा राहिला म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्साही नाही. बघताना ते जाणवत नाही, पण व्हिडिओ थांबवणाऱ्याला तो चेहरा स्पष्ट मिळतो. असा तुकडा पुन्हा चित्रित करणं किंवा कापून टाकणं बरं.

तीन आठवडे गेले. पहिल्या टेबलावरच्या एका मुलीच्या वडिलांचा संदेश आला, की परवानगी मागे घ्यायची आहे. ती दोन मिनिटं चौदा सेकंदांपासून दोन मिनिटं एकवीस सेकंदांपर्यंत दिसते, झोके मोजताना. सात सेकंद.

पहिलं पाऊल कापण्याचं नाही. यूट्यूबच्या एडिटरमध्ये तुकडा कापला, तर नवी आवृत्ती तयार होईपर्यंत जुनीच लोकांना दिसत राहते आणि त्याला काही तास जाऊ शकतात. म्हणून आधी व्हिडिओ प्रायव्हेट करायचा. हे मिनिटाचं काम आहे. मग तुकडा कापायचा, तो खरंच गेला का ते स्वतः पाहायचं, आणि त्यानंतर व्हिडिओ पुन्हा सर्वांसाठी खुला करायचा. कापल्याने लिंक बदलत नाही. संपूर्ण नवी फाइल चढवली तर लिंकही नवी होते.

व्हिडिओचं मुखचित्र तपासायचं, कारण ते वेगळं चढवलेलं असतं आणि तुकडा कापल्याने बदलत नाही. शाळेच्या संगणकावरची मूळ फाइल, संपादकाच्या फोनमधली प्रत, ग्रुपवर टाकलेली तीस सेकंदांची झलक, हेही एकेक करून बघायचं. आणि वडिलांना उत्तर पाठवायचं.

(दृश्य: फोनचा पडदा. निवेदक वाचतो.)

‘नमस्कार. आपला संदेश सकाळी मिळाला. व्हिडिओ लगेच बंद केला होता. ते सात सेकंद काढून तो आज संध्याकाळी पुन्हा खुला केला आहे. मुखचित्रात ती नव्हती. शाळेच्या संगणकावरची आणि संपादकाच्या फोनमधली प्रत पुसली आहे. ग्रुपवरची झलक टाकून बरेच दिवस झाल्याने ती आता सर्वांसाठी काढून टाकता येत नाही. ती आपापल्या फोनमधून पुसावी असं ग्रुपवर कळवलं आहे, पण कोणाच्या फोनमध्ये ती साठवलेली राहिली, तर ती आम्हाला काढता येत नाही. एकदा पाहून, काही राहिलं असल्यास कळवावं.’