परडीवरचा हात

मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आदल्या सकाळी सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगराकडे जाणारी ही वाट भंडाऱ्याने पिवळी झाली आहे. चौंडक्याच्या तालावर ‘उदं गं आई उदं’चा गजर चालला आहे आणि बेळगाव, खानापूर, कोल्हापूर भागातून आलेले भाविक डोंगर चढण्याआधी जोगुळभावीला स्नानासाठी थांबत आहेत. त्या स्नानाचे एकही दृश्य आपल्याला येथे दिसणार नाही, कारण तेथे आम्ही कॅमेरे पिशवीत ठेवले होते. जागा उघड्यावरची असली तरी ओल्या लुगड्यातील बाई तेथे देवीसाठी आलेली असते, आणि लांब पल्ल्याची लेन्स लावून तिला दुरून टिपणे म्हणजे चोरून पाहणेच होय.

आता हे हात पाहा. परडीचा काठ धरलेली, हळदीने माखलेली ही बोटे खानापूर तालुक्यातील एका मावशींची आहेत. आमच्या सहकारी मुलीने कॅमेरा गळ्यात तसाच सोडून आधी त्यांच्याजवळ बसून घेतले. परडीत जोगवा मात्र तिने आधी घातला नाही, कारण पैसे पडल्यावर विचारलेल्या प्रश्नाला ‘नको’ म्हणणे समोरच्याला जड जाते. जोगवा तिने सगळे झाल्यावर, उठताना घातला.

“मावशी, फोटो काढू काय?” एवढे विचारून ती थांबली नाही, तो इंटरनेटवर कुणालाही पाहता येईल, हेही तिने सांगितले. मावशींनी हातांना आणि परडीला होकार दिला, चेहऱ्याला दिला नाही. कारण आम्ही विचारले नाही. कन्नड भाविकांना आम्ही “फोटो तगीलेन री?” असे विचारत होतो, “ब्याड री” हे उत्तर स्पष्टच असते, पण पदर पुढे ओढणे किंवा मान फिरवणे हाही आमच्या लेखी तितकाच स्पष्ट नकार आहे.

तरीही फोनवर घेतलेल्या एका फोटोत मावशींचा चेहरा आलाच. तो त्यांना दाखवून त्यांच्यासमोर पुसला आणि मग फोनच्या कचरापेटीतूनही काढला, कारण पुसलेला फोटो तेथे बहुधा 30 दिवस तरी पडून राहतो आणि फोनमधून आपोआप ऑनलाइन साठवणीत गेलेली प्रत वेगळी शोधावी लागते.

परडी घेणारी प्रत्येक बाई देवदासी नसते; घराण्याचा नवस फेडायलाही बाया परडी घेतात. देवदासी म्हणून मुलगी सोडण्यास कर्नाटकाने 1982च्या कायद्याने बंदी घातली आहे, आणि अनोळखी चेहऱ्याखाली तो शब्द लिहिला की त्या बाईला गावात तोंड दाखवणे कठीण होते.

डोंगराच्या पायऱ्या चढणारी ही पाठमोरी आकृती मावशींचीच आहे. हे दृश्य कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोनदा पाहून त्या म्हणाल्या, “एवढं ठेवा.”