‘बघू’ म्हणू नका

(भोसरीतल्या लघुउद्योजकांच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मला 20 मिनिटं दिली आहेत. त्यातली चार अध्यक्षांनी माझी ओळख करून देण्यातच खर्च केली, त्यामुळे थेट विषयावर येतो. सारखी भेट मागणाऱ्या सेल्सच्या माणसाला ‘नाही’ कसं म्हणायचं? तेही असं, की उद्या आपल्यालाच त्याला फोन करायची वेळ आली तर जीभ अडखळू नये. त्यासाठी मी एक छोटा निरोप लिहून आणलाय, तो शेवटी वाचतो. त्याआधी माझा जुना राग काढून घेतो.

माझा राग सेल्सच्या माणसांवर नाही. तो ‘बघू’ या शब्दावर आहे.

आपण मराठी माणसं ‘नाही’ म्हणायला लाजतो. मुलगी बघायला गेलो तरी ‘कळवतो’ म्हणतो. ऐकणाराही मराठी घरातला असेल तर ‘कळवतो’चा अर्थ त्याला कळतो. पण कंपनीच्या सॉफ्टवेअरला तो कळत नाही! आमच्याकडे कंप्रेसर विकायला एक तरुण यायचा. त्याला मी पहिल्या भेटीत म्हणालो, “बघू, पुढच्या महिन्यात.” पुढे आमची चांगली ओळख झाल्यावर त्याने सांगितलं की, त्या संध्याकाळी त्याच्या रिपोर्टमध्ये माझ्या नावापुढे ‘इंटरेस्टेड, फॉलो-अप’ अशी नोंद झाली होती. मार्चअखेरच्या अंदाजात माझी ऑर्डर धरली गेली. मग दर सोमवारी त्याचे साहेब विचारणार, “भोसरीच्या त्या पार्टीचं काय झालं?” त्याने फोन करायचा नाही तर काय करायचं?

तो अकरा वेळा आला किंवा त्याने फोन केला. मी मोजलेत, कारण चिडलेला माणूस मोजतोच. “सर, फक्त दहा मिनिटं.” “सर, तुमच्याच एरियात आहे.” हे ‘एरियात आहे’ फार धोकादायक असतं. कुणीतरी मला 1909 वर डीएनडी नोंदवायला सांगितलं. अहो, ते टेलिमार्केटिंगसाठी. हा तर स्वतःच्या मोबाइलवरून, मी स्वतः दिलेल्या कार्डावरचा नंबर लावत होता!

बाराव्या वेळी मी गेटवर निरोप ठेवला, “साहेब मुंबईला गेलेत.” आणि पाऊण तासाने टपरीवर चहा प्यायला गेलो. तो तिथेच उभा होता. एका हातात कटिंग, बॅग पायांमध्ये धरलेली. आमची नजरानजर झाली. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्याने काय करावं? शांतपणे पाठ फिरवली आणि टपरीवरच्या खारीच्या बरण्यांकडे बघत बसला, जणू मी त्याला दिसलोच नाही. माझी अब्रू वाचवायला! पंचवीस-सव्वीस वर्षांचा मुलगा. मी पन्नाशीचा. चहा न पिताच परत आलो. (हशा) हसा, हसा. इथे असे मुंबईला गेलेले किमान दहा जण बसलेत.

त्या रात्री मी विचार केला, की मला नक्की काय म्हणायचं होतं? कारण तोवर मी त्याला चार कारणं दिली होती आणि चारही फसली होती. ‘वेळ नाही’ म्हटलं, तर त्याने दहाच मिनिटं मागितली. ‘बजेट नाही’ म्हटलं, तर हप्त्यांची योजना आणली. ‘भाव जास्त आहे’ म्हटलं, तर सवलत आणली. ‘पार्टनरला विचारतो’ म्हटलं, तर तो पार्टनरलाच जाऊन भेटला. पार्टनर अजून मला ते ऐकवतो. यात त्या मुलाची चूक काय? जी अडचण त्याला सोडवता येते, ती मी त्याच्या पुढ्यात ठेवत होतो, आणि अडचण सोडवणं हा तर त्याचा पेशा. म्हणून कारण असं हवं, की जे खरं आहे आणि त्याच्या हातात नाही.

दुसऱ्या दिवशी मी कंप्रेसरच्या पॅनेलसमोर जाऊन उभा राहिलो. आमचं 37 किलोवॅटचं स्क्रू मशीन. रनिंग अवर्स 22 हजारांच्या थोडे वर. त्याच्या एअरएंडचं, म्हणजे हवा दाबणाऱ्या मुख्य भागाचं, मोठं काम मी 36 हजार तासांच्या सुमारास धरलं होतं, आणि मशीन बदलायचं की नाही हा विचार तेव्हाच करणार होतो. म्हणजे 14 हजार तास बाकी. दोन पाळ्यांचे 16 तास, वर्षाचे 300 दिवस, म्हणजे वर्षाला 4,800. जवळजवळ तीन वर्षं! हा हिशेब मी पहिल्याच दिवशी केला असता, तर त्याच्या अकरा फेऱ्या वाचल्या असत्या.

त्याचं म्हणणं मात्र अगदीच चुकीचं नव्हतं. आमचं मशीन फार वेळ अनलोडवर चालतं, असं तो सांगत होता. अनलोडला हवा मिळत नाही, तरी मोटर पूर्ण भाराच्या पाव ते तृतीयांश वीज खातच असते. त्यावर व्हीएफडीचं, म्हणजे हवेच्या गरजेप्रमाणे मोटरचा वेग बदलणारं, नवं मशीन घ्या, हे त्याचं उत्तर. नवं मशीन मी घेतलं नाही. पण मुद्दा त्याने दाखवला, म्हणून निरोपात त्याचे आभार मानले. अरे, चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, तीन.

तर निरोप वाचतो. “नमस्कार. तुम्ही दाखवलेला अनलोडचा मुद्दा उपयोगी पडला, आभार. नवा कंप्रेसर आम्ही सध्या घेत नाही. आमचं मशीन 22 हजार तासांवर आहे, निर्णय 36 हजारांच्या सुमारास, म्हणजे साधारण तीन वर्षांनी होईल. तोवर भेट नको, फोनही नको. तुमच्या मशीनची माहिती ईमेलने पाठवून ठेवा, मी फाइलला लावतो. निर्णयाची वेळ आली की मी स्वतः तुम्हाला फोन करेन. तुमच्या साहेबांना हा निरोप दाखवायला हरकत नाही.”

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. सोमवारच्या मीटिंगमध्ये त्याला दाखवायला कागद लागतो. ‘सध्या’ लिहिलंत तर पुढे आकडा हवाच, नाहीतर तो दुसरा ‘बघू’ होतो. आणि कधीच घेणार नसाल, तर तीन वर्षांचं गाजर दाखवू नका. ‘आमच्या कामात हे लागत नाही’ असं सरळ लिहा. निरोप देण्याआधी पार्टनरला, स्टोअरला, गेटवर सांगून ठेवा. एकाने ‘नाही’ आणि दुसऱ्याने ‘या ना’ म्हटलं की सगळं मुसळ केरात. तरी फोन आला, तर नव्याने वाद नको. तोच निरोप पुन्हा पाठवा, वर फक्त “परिस्थिती तीच आहे”. तिसऱ्यांदा आला, तर यापुढे भेटीच्या विनंतीला उत्तर देणार नाही, हे एकदा कळवा आणि खरंच देऊ नका. आवाज कुठेही चढवायचा नाही.

नंबर सेव्ह करताना कंपनीचं नाव पुढे नको, वस्तूचं नाव लिहा. माझ्याकडे तो ‘कंप्रेसर, टपरी’ म्हणून होता. दोन वर्षांनी एका शनिवारी आमच्या मशीनच्या बेअरिंगचा आवाज यायला लागला आणि सोमवारी माल पाठवायचा होता. तोवर त्याने कंपनी बदलली होती, कंप्रेसर विकणंही सोडलं होतं. पण भाड्याने डिझेल कंप्रेसर कोण देतं, हे त्याला माहीत होतं. त्याने नंबर पाठवला आणि खाली लिहिलं, “सर, 36 हजार झाले का?”

झाले नव्हते. 31 हजार झाले होते. हो हो, थांबतो, चहा आलाय.