शटरवरचा चिकटा: घासायचा नाही, भिजवायचा

बायांनो, आपल्याकडे जवसाचं तेल बैलगाडीच्या लाकडाला लावत. काही दिवसांत ते वाळून कडक व्हायचं, पाण्यानं निघत नसे. तुमच्या गॅसवरच्या कपाटाच्या शटरवर हेच होतं. फोडणीच्या वाफेबरोबर तेलाचे बारीक थेंब उडून सनमायक्यावर बसतात, हवा लागून हळूहळू घट्ट होतात. सोयाबीन, करडई, सूर्यफूल ही तेलं अशी वाळणारी आहेत. म्हणून आठवड्याचा डाग साबणानं सहज जातो, पण वर्षभराचा चिकटा तेल राहिलेला नसतो, डिंक झालेला असतो.

डिंक घासून निघत नाही, हे मी सुतारकामात शिकलो. मागच्या दिवाळीत भावजयीच्या घरी गेलो, तर तिनं एका शटरचा कोपरा तारेच्या घासणीनं घासला होता. चिकटा निघाला, चकाकीही गेली, आणि ती परत येत नाही. शेजारचं शटर मग आम्ही दोघांनी केलं. आधी कापसाच्या फडक्यावर खाण्याच्या तेलाचे चार थेंब घेऊन चिकट्यावर पुसलं आणि दहा मिनिटं थांबलो. ताजं तेल जुन्याला मऊ करतं. मग अर्धी बादली कोमट पाणी, त्यात भांड्याचं लिक्विड चमचाभर. फडकं पिळून चिकट्यावर पाच मिनिटं ठेवलं आणि हलक्या हातानं पुसलं. पहिल्यांदा फडकं पिवळं आलं. तीनदा केल्यावर बोट फिरवलं, ते अडलं नाही. मग साध्या पाण्याचं फडकं, शेवटी कोरडं.

साध्या पाण्याचं फडकं मात्र चुकवू नका. साबण राहिला की वाळल्यावर धुरकट थर दिसतो आणि बायका समजतात, सनमायका खराब झाला. मोबाइलची बत्ती तिरपी धरून पाहा: बारीक रेघा दिसल्या तर ओरखडे आहेत. रेघा नसतील, तर पुन्हा ओल्या फडक्यानं पुसून कोरडं करा, साबणाचा थर असेल तर जातो.

मॅट शटरला उलटा धोका आहे. एकाच जागी जोरानं घासलं तर तेवढाच भाग चकाकू लागतो. चमकदार शटरवर खायच्या सोड्याची पेस्टही नको, तिचे कण ओरखडतात. धुण्याचा सोडा तर मुळीच लावू नका.

पाणी कधी थेट शटरवर मारू नका. कडेच्या पट्टीच्या फटीतून ते आत शिरलं की भुशाचा बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड पुन्हा सपाट होत नाही. फडकं इतकं पिळा की थेंब गळणार नाही.

हँडलला हाताचा मळ आणि तेल दोन्ही लागतं. स्क्रू आतून असतो, तो सोडवून हँडल काढा, दहा मिनिटं त्याच साबणाच्या पाण्यात ठेवा आणि जुन्या मऊ टूथब्रशनं खाचा साफ करा. पूर्ण वाळल्यावरच बसवा, नाहीतर ओल स्क्रूच्या छिद्रातून बोर्डात जाते.