महोदय कोण आणि आपला कोण?

रजेचा अर्ज आपण सगळ्यांनीच लिहिलाय, आणि बहुतेकांनी तो शेजारच्याचा पाहूनच लिहिलाय. त्यातूनच पुढची गंमत होते. हा अर्ज ऐका. नववीतल्या एका मुलीने वर्गशिक्षिकेला लिहिलाय असं समजा.

‘महोदय, मला ताप आल्यामुळे मी दोन दिवस येणार नाही. तरी तुम्ही मला रजा द्या. कळावे, लोभ असावा. आपला आज्ञाधारक विद्यार्थी.’

यात उद्धटपणा कुठेच नाही, पण अर्ज दोन्ही टोकांना चुकलाय. मायना वाचणाऱ्याप्रमाणे बदलतो, म्हणून बाईंना ‘महोदया’. शेवट मात्र लिहिणाऱ्याप्रमाणे बदलतो. ‘आपला’ या शब्दात ‘आपण’ म्हणजे बाई असल्या, तरी त्याचं लिंग सही करणाऱ्याचं. मुलगी असेल तर ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’, मग अर्ज बाईंना असो की सरांना. ‘आज्ञाधारक’ आणि ‘विश्वासू’ दोघांनाही तसेच चालतात, त्यामुळे मागचा ‘आपला’ बदलायचं राहून जातं.

आता ‘रजा द्या’. बोलताना ‘द्या’ पुरेसं आदराचं आहे. कागदावर मात्र ती मागणी वाटते. मराठीत विनंतीसाठी ‘-आवे’चं रूप आहे: ‘आपण मला दोन दिवसांची रजा द्यावी, ही विनंती.’ इथे क्रियापद रजेच्या मागे जातं, म्हणून ‘द्यावी’. अर्ज मंजूर ‘करावा’. ‘तुम्ही’च्या जागी ‘आपण’ घेतलंत की ते अर्जभर सांभाळा. वर ‘आपण’ आणि खाली ‘तुम्हाला’ आलं की वाचणारा अडखळतो. ‘येणार नाही’ हेही जरा ठणकावून सांगितल्यासारखं. ‘येऊ शकणार नाही’ म्हटलं की नाइलाज दिसतो.

‘लोभ असावा’ हे घरगुती पत्रातलं. मामाला लिहा, अधिकाऱ्याला नको. साहेबांनी रजा द्यायची ती नियमाने, लोभाने नव्हे! तसंच ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पत्रात ते शोभतं, कार्यालयीन अर्जात त्याची गरज नाही.

अधिकाऱ्याच्या अर्जात हुद्दा पुरतो. ‘प्रति, मा. कार्यकारी अभियंता’, खाली ‘महोदय’. ‘माननीय महोदय साहेब’ अशी उतरंड रचली तर आदर वाढत नाही, हसू येतं. शेवटी ‘आपला विश्वासू’. तिथे ‘आज्ञाधारक’ नको, ते विद्यार्थ्यासाठी ठेवा.

तर त्या मुलीचा अर्ज असा होईल: ‘महोदया, मला ताप आल्यामुळे मी दोन दिवस शाळेत येऊ शकणार नाही. तरी आपण मला या दोन दिवसांची रजा द्यावी, ही विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.’ खाली नाव, इयत्ता, तुकडी. आणि हो, बरी होऊन आल्यावर लिहीत असेल, तर ‘येऊ शकले नाही’.