एका फ्लॅटची नोंद

(पुण्यात नव्याने रुजू झालेल्या ज्युनिअर एजंटांसमोरच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकच फ्लॅट घेऊन बोलू. कर्वेनगर, रिसेलचा टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही. उदाहरण मी रचलेलं आहे, पण असा फ्लॅट तुमच्याकडे लवकरच येईल.

फ्लॅटच्या मालकांचा, म्हणजे काकांचा फोन येतो, "नऊशे पन्नास फूट आहे, पंच्याऐंशी लाख अपेक्षा. कधीही या बघायला." हे जसंच्या तसं नोंदीत टाकलंत तर पुढचं सगळं काम त्या नऊशे पन्नासवर उभं राहील. म्हणून आधी इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा, मागा. त्यात क्षेत्रफळ बहुधा चौरस मीटरमध्ये असतं. समजा तिथे ६५ चौरस मीटर कारपेट लिहिलंय. १०.७६४ ने गुणा, ७०० फूट होतात. काका खोटं बोलत नाहीत, त्यांनी घेतला तेव्हा बिल्डरने जिना-पॅसेज धरून विक्रीचा आकडा सांगितला, तोच त्यांच्या डोक्यात बसलाय. पण भाव बघा : ९५० वर फुटाला सुमारे ८,९५० रुपये, ७०० वर सुमारे १२,१४०. शेजारच्या सोसायटीतल्या फ्लॅटशी तुलना करताना दोन्हीकडे कारपेटच धरायचं. जुन्या करारात नुसतं बिल्टअप असेल तर तो आकडा कारपेटच्या रकान्यात ढकलू नका. टेप घेऊन खोल्या मोजा आणि "प्रत्यक्ष मोजलेलं" असं लिहा. रेराच्या व्याख्येत कारपेटमध्ये आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी येत नाहीत.

त्याच कागदावर दुसरी गोष्ट दिसते : खरेदीदार म्हणून नावं दोन आहेत, काका आणि काकू. फोन काकांचाच येत होता. काकू सध्या मुलाकडे परदेशात. म्हणजे करारावर सही कोण करणार, काकू कधी येणार, की कुलमुखत्यारपत्र करावं लागणार, हे आजच विचारायचं. परदेशातून कुलमुखत्यारपत्र करून आणायला वेळ जातो. टोकन घेतल्यावर हे कळलं तर समोरची पार्टी वैतागते, आणि तिचं चुकत नाही. फ्लॅटवर कर्ज आहे का, हेही इथेच विचारा. असेल तर मूळ कागद बँकेकडे असतात आणि कर्जफेडीचं वेळापत्रक सौद्यात बसवावं लागतं. पार्किंगबद्दल "आहे" एवढं लिहू नका. झाकलेलं की उघडं, आणि सोसायटीने कुठल्या कागदावर दिलंय, ते लिहा.

आता फ्लॅट दाखवायचा. "कधीही या" याचा अर्थ दुपारी दोनला या असा नाही, निदान पुण्यात तरी नाही. खोल्यांत उजेड कधी येतो ते आधी एकटं जाऊन बघा. पार्टीच्या आधी पंधरा मिनिटं पोहोचा, खिडक्या उघडा, मेन स्विच चालू करा, नळ सोडून बघा. आणि लिफ्ट नाही हे फोनवरच सांगा. पार्टीबरोबर ज्येष्ठ मंडळी असतील तर तिसऱ्या मजल्यावर त्यांचा श्वास आणि तुमचा सौदा दोन्ही एकदमच तुटतात.

पार्टी बाहेर पडली की जिन्यातच उभं राहून नोंद करा. कोण आलं होतं, निर्णय कोणाचा आहे, आणि काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत. "आवडला, बघून सांगतो" ही नोंद नव्हे. आपल्याकडे हा सभ्य नकार असतो. "ओट्यासमोर फ्रिज मावत नाही, आईला जिना नको" ही नोंद. कारण उद्या याच पार्टीला लिफ्टवाला फ्लॅट सुचवायचाय.

दुसऱ्या दिवशी फोन करताना हातात काहीतरी नवं हवं : मेंटेनन्सचा नेमका आकडा, काकूंच्या येण्याची तारीख, नाहीतर दुसरा फ्लॅट. "मग काय ठरलं?" असं तीनदा विचारलं की चौथ्यांदा फोन उचलला जात नाही. काकांनाही त्याच संध्याकाळी कळवा. हे नवे लोक हमखास विसरतात. लागोपाठ आलेल्या पार्ट्यांनी जिन्याचीच तक्रार केली असेल, तर ती तारखांसह काकांपुढे ठेवा. भाव कमी करायचं बोलणं तुमच्या मतापेक्षा त्या नोंदींमुळे सोपं जातं.

भाव बदलला तर जुना आकडा खोडू नका. नवा आकडा तारखेसह खाली लिहा. टोकन मालकाच्या नावाच्या चेकने, आपल्या खात्यात नाही. चेकची प्रत फाईलला. आधार-पॅनच्या प्रती ग्रुपवर टाकायच्या नाहीत. चावी घेतली की चावीच्या वहीत तारीख, वेळ, सही. फ्लॅट गेला की त्याच दिवशी जाहिरात सगळीकडून काढा आणि काकांना चावी परत दिल्याची सही घ्या.