मोहोर नेमका कशाने आला?

श्रोतेहो, नमस्कार. रत्नागिरी-देवगड पट्ट्यातल्या बागायतदारांमध्ये दर हंगामात हमखास ऐकू येणारा एक युक्तिवाद आज तपासून पाहू. तो चारच वाक्यांचा आहे. “गेल्या वर्षी माझी हापूसची बाग धरलीच नाही. यंदा पावसाळ्यात कलमांच्या बुंध्याशी एक नवे द्रावण ओतले. डिसेंबरात बाग मोहोराने भरून गेली आणि शेजारच्या दोघांनाही तोच अनुभव आला. तेव्हा मोहोर त्या द्रावणानेच आला.”

यातली पहिली तिन्ही वाक्ये अगदी खरी मानली, तरी चौथे वाक्य त्यांतून निघत नाही.

हापूस सहसा एक वर्ष आड भरघोस येतो, हे बागेत वावरणाऱ्याला सांगायला नको. मोहोर येतो तो पक्व झालेल्या काडीवर. ज्या वर्षी कलम फळांनी लगडते, त्या वर्षी साठवलेले अन्न फळांत खर्च होते, नवी पालवी कमी किंवा उशिरा येते आणि थंडी पडेपर्यंत ती काडी जून होत नाही. उलट रिकाम्या गेलेल्या वर्षी पालवी वेळेवर येऊन पक्व होते आणि पुढचा मोहोर चांगला फुटण्याचा संभव वाढतो. आता नवे औषध माणूस विकत घेतो कधी? बाग रिकामी गेल्यावर. म्हणजे जे वर्ष बहुधा आपसूकच बरे जाणार होते, नेमक्या त्याच्या तोंडाशी द्रावण ओतले जाते आणि श्रेय त्याला मिळते.

शेजारच्या दोघांची साक्षही दिसते तेवढी वजनदार नाही. तिघांच्या बागा एकाच सड्यावर असतील, तर तिघांना थंडी एकच मिळाली, पाऊसही एकाच सुमारास उघडला. ते तीन स्वतंत्र दाखले ठरत नाहीत. शिवाय ज्यांनी द्रावण ओतूनही मोहोर आला नाही, त्यांना कोणी विचारले होते का? असा माणूस पैसे वाया गेल्याची जाहिरात करत फिरत नाही.

यावर एखादा चोखंदळ बागायतदार म्हणेल, “मी सगळ्या कलमांना द्रावण दिलेच नव्हते. काहींना दिले, काहींना नाही, आणि दिलेली कलमे उजवी ठरली.” हा युक्तिवाद पहिल्यापेक्षा बराच सरस आहे, पण फसगत इथेच सर्वांत सहज होते, असे मला वाटते. समजा बागेत 40 कलमे आहेत, त्यांपैकी गेल्या वर्षी 10 धरली आणि 30 रिकामी गेली. खर्च वाचवायला त्याने द्रावण रिकाम्या 30 कलमांनाच दिले. यंदा मोहोर येण्याची पाळी मुळात त्याच 30 कलमांची होती, आणि गेल्या वर्षी धरलेली 10 कलमे यंदा मागे पडणारच होती. तुलना केली खरी, पण दोन्ही गट सुरुवातीपासूनच सारखे नव्हते; द्रावणाच्या जागी विहिरीचे नुसते पाणी ओतले असते, तरीही चित्र बहुधा असेच दिसले असते.

मग करायचे काय? गेल्या वर्षी धरलेल्या 10 कलमांतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडावीत आणि रिकाम्या 30 मधून तशाच पंधरा. या वीस कलमांना द्रावण द्यावे, उरलेल्या वीस कलमांना देऊ नये. खत-फवारणी मात्र दोन्हींकडे एकच ठेवावी. चिठ्ठ्या यासाठी की आपण हाताने निवडू लागलो, तर नकळत जोमदार किंवा घराजवळची कलमे आधी उचलतो. मोजणीही “बाग भरली” अशी मोघम नको. प्रत्येक कलमाच्या ठरावीक फांद्यांवर शंभर काड्यांमागे किती मोहोरल्या, ते मोजावे, आणि शक्य तर मोजणाऱ्याला कोणत्या कलमाला द्रावण मिळाले आहे हे सांगू नये.

समजा, द्रावण दिलेल्या वीसपैकी 15 कलमे चांगली मोहोरली आणि न दिलेल्या वीसपैकी 14. नुसती पहिली वीस पाहिली असती, तर द्रावण जादूचेच वाटले असते. दुसऱ्या विसांनी ती जादू एका कलमावर आणून ठेवली. एका कलमाचा फरक तर निव्वळ योगायोगानेही पडतो.

इथे उलट्या बाजूची चूकही टाळायला हवी. युक्तिवाद फसला म्हणून द्रावण कुचकामी ठरत नाही. एवढेच ठरते की त्या चार वाक्यांनी ते सिद्ध झाले नाही. पॅक्लोब्युट्राझॉल हे संजीवकही असेच मातीतून दिले जाते. पण हापूस लवकर आणि नियमित मोहोरण्यासाठी त्याचा उपयोग होतो, हे दापोलीच्या कृषी विद्यापीठात झालेल्या तुलनात्मक प्रयोगांतून पुढे आले. त्याचे कारणही ठाऊक आहे, हे संजीवक झाडातल्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखून पालवीची वाढ आवरते. तेव्हा नव्या द्रावणाचा विक्रेता समाधानी बागायतदारांची यादी पुढे करील, तेव्हा त्याला विचारावे की द्रावण न दिलेली कलमे कोणती होती, ती कोणी आणि कशी निवडली, आणि मोजणी किमान लागोपाठ दोन हंगाम झाली का. कारण एकाच हंगामाच्या आकड्यांवरून एक वर्ष आड येण्याची सवय मोडली की नाही, हे कळण्याचा मार्गच नाही.